दहा पावलांवरचा नमस्कार

वाचकाचं पत्र

"मी मूळचा साताऱ्याचा. ३४ वर्षं पोस्टमन होतो. निवृत्त होऊन वर्षापूर्वी पुण्यात मुलाकडं राहायला आलो. साताऱ्यात रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायचो आणि वाटेत भेटेल त्याला राम राम घालायचो. इथं तळजाईच्या टेकडीवर जातो, कधी घराजवळच्या बागेत फेऱ्या मारतो. पण इथली माणसं तोंड फिरवतात. एके दिवशी मी चक्क मोजलं. ३१ जणांना राम राम घातला, १२ जणांनी उत्तर दिलं, १९ जण सरळ निघून गेले. एका मुलीला दोन-तीनदा आपुलकीनं विचारलं, 'काय बाळ, रोज येतेस वाटतं, कुठं राहतेस?' तर चौथ्या दिवशी ती मला पाहून दुसऱ्या वाटेला वळली. मला तिच्याच वयाच्या दोन मुली आहेत. फार लागलं मनाला. सूनबाई म्हणते, 'बाबा, इथं असं कुणी बोलत नाही.' शहरातली माणसं इतकी तुसडी कशी? मी नमस्कार करणं सोडूनच देऊ का?"

उत्तर

राम राम.

सोडू नका. पण थोडा बदल करावा लागेल, आणि तो का करायचा हे सांगायला मला जरा साताऱ्यात शिरावं लागेल.

तुम्ही पोस्टमन होतात. म्हणजे अर्ध्या गावाला तुमचा चेहरा पाठ होता. कुणाची मनीऑर्डर तुम्ही आणली असेल, कुणाच्या मुलाचं नोकरीचं पत्र, कुणाची राखी. चार भिंती स्मारकाच्या वळणावर पहाटे जो माणूस तुम्हाला राम राम घालत होता, त्याला तुमचं नाव ठाऊक होतं आणि तुम्हाला त्याच्या घराचा जिना. आता आठवून बघा. किल्ल्यावर कधी बाहेरगावची पोरं यायची, गळ्यात कॅमेरे अडकवून, त्यांनाही तुम्ही रोज राम राम घालत होतात का? माझा अंदाज आहे, एखाद्याला घातला असेल, बाकीच्यांना वाट दिली असेल आणि पुढं झाला असाल. अनोळखी माणसाला नमस्कार करणं ही गोष्ट तुम्ही साताऱ्यातही फारशी केलेली नाही. पुण्यात तुम्ही जे करताय ते जुनी सवय चालू ठेवणं नाही, ते नवीनच काम आहे. त्याची रीतही वेगळी आहे, आणि ती कुणी सांगत नाही.

दुसरं असं, की ३१ पैकी १२ हा आकडा तुम्ही तक्रार म्हणून लिहिलात, पण मला तो चांगला वाटला. तळजाईवर रविवारी सकाळी केवढी गर्दी असते हे तुम्ही पाहिलंच असेल. त्या गर्दीत नाव-गाव माहीत नसलेल्या १२ माणसांनी तुम्हाला उलट नमस्कार केला. उरलेल्या १९ जणांचं काय झालं असेल ते आपण बघू, कारण ते सगळे तुसडे होते असं मला अजिबात वाटत नाही.

मला सांगा, तुम्ही राम राम म्हणता तेव्हा समोरचा माणूस किती लांब असतो? पत्रावरून वाटतं, अगदी शेजारी आल्यावर म्हणत असाल. बरीच माणसं तसंच करतात. आता थोडा हिशेब करू. जरा झपझप चालणारा माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर जातो. दोघं समोरासमोरून येत असले की दोघांमधलं अंतर तासाला १० किलोमीटरच्या वेगानं कमी होतं, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास. माणूस २० मीटरवर दिसला तर तो तुमच्याजवळ पोचायला सातेक सेकंद लागतात. पण तुम्ही तो आठ फुटांवर आल्यावर तोंड उघडलंत, तर त्याच्या हातात एक सेकंदही उरत नाही. तेवढ्यात त्यानं विचारातून बाहेर यायचं, हा आपल्यालाच म्हणाला का ते ठरवायचं, कानातलं इअरफोनचं बोंडूक काढायचं आणि उत्तर द्यायचं. तोवर तुम्ही त्याच्या मागं गेलेले असता. त्या १९ जणांतल्या काहींनी तुम्हाला उत्तर दिलंही असेल. ते तुमच्या पाठीला मिळालं.

आठ फूट हे अंतर मी उगाच घेतलं नाही. अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९६३ साली, अनोळखी माणसं रस्त्यात एकमेकांजवळून कशी जातात याबद्दल लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की माणूस समोरच्याला साधारण आठ फुटांपर्यंत पाहतो, तेवढ्यात कोण कुठल्या बाजूनं जाणार ते नजरेनंच ठरतं, आणि मग जवळून जाताना दोघंही डोळे खाली घेतात. समोरून गाडी आली की आपण हेडलाइट डिप्पर करतो ना, तसं. तो लिहीत होता अमेरिकेबद्दल, पण एकदा ते वाचल्यावर मला आमच्या टेकडीवर सगळीकडं तेच दिसायला लागलं. तुम्ही ज्याला तोंड फिरवणं म्हणता ते पुष्कळदा हे डिप्पर करणं असतं. "मी तुला पाहिलं, तुझ्यापासून मला भीती नाही, तू तुझ्या वाटेनं जा" एवढाच त्याचा अर्थ. आणि नेमक्या त्याच क्षणी, त्यानं डोळे खाली घेतल्यावर, तुमचा खणखणीत राम राम त्याच्या कानाशी येतो. पोस्टमनचा आवाज दारातून माजघरापर्यंत जाणारा असतो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. दचकायला होतं हो.

म्हणून पहिला बदल अंतराचा करा. साधारण दहा पावलांवर, म्हणजे सहा-सात मीटरवर माणूस आला की त्याच्याकडं बघा. त्यानंही बघितलं तर मान किंचित लववा, किंवा उजवा हात छातीशी न्या. आपल्याकडं हा छातीशी नेलेला हात फार सोयीचा आहे. त्यात नमस्कार आहे, वयाचा मान आहे आणि तोंडानं काही बोलावं लागत नाही. त्यानं मान हलवली तर तुमचा राम राम नेहमीपेक्षा हळू आवाजात येऊ द्या. मग नजर वाटेवर. हे सगळं दोन-अडीच सेकंदांत होतं, आणि तो तुमच्याजवळून जाईपर्यंत त्याचं उत्तर देऊन झालेलं असतं. त्यानं बघितलंच नाही, तर तोंड उघडू नका. तो नमस्कार तुम्ही गमावला असं नाही, तो सुरूच झाला नव्हता.

हसायलाच हवं का, असंही बरेच जण विचारतात. नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात एक साधा प्रयोग झाला होता, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. एक जण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जवळून जाई. काहींच्या डोळ्यांत बघे, काहींच्या डोळ्यांत बघून हसे, आणि काहींकडं अशी नजर टाके की जणू तिथं हवाच आहे, आपण आरपार बघणं म्हणतो तसं. लगेच पुढं दुसरा कुणीतरी त्या माणसाला थांबवून विचारी की आत्ता तुला इतरांपासून किती तुटल्यासारखं वाटतंय. ज्यांच्या आरपार बघितलं गेलं त्यांना जास्त तुटल्यासारखं वाटत होतं. ज्यांच्याकडं नुसतं बघितलं होतं त्यांनाही बरं वाटलेलं होतं, हसू असो वा नसो. हा परिणाम मिनिटभराचा, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण आरपार न बघता माणसाकडं बघणं एवढं पुरतं, असं समजायला हरकत नाही. ज्यांना सकाळी सहाला हसू येत नाही (मी त्यातली आहे) त्यांनी ओढूनताणून हसू नये. ते दात दाखवल्यासारखं दिसतं.

काही माणसं मात्र दहा पावलांवरूनही उत्तर देऊ शकत नाहीत. चढणीवरचा माणूस घ्या. व्यायामाचा जोर ओळखायची एक सोपी खूण आहे: मध्यम जोर असेल तर बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, आणि जोर वाढला की चार-दोन शब्दांपलीकडं बोलता येत नाही. पर्वतीच्या पायऱ्या भराभर चढणाऱ्याला नमस्कार घालणं म्हणजे त्याच्याकडून श्वास उसना मागणं आहे. पळणाऱ्यांचंही तेच. शिवाय कुणाच्या हातात जपाची माळ असते, कुणी मनात पावलं मोजत असतो. आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. सहा-सव्वासहाला तळजाईच्या झाडीत चेहरे ओळखू येत नाहीत. त्या अंधारात समोरून एकटी बाई येत असेल तर नमस्कार विसरा, वाटेच्या दुसऱ्या कडेला व्हा. हा त्या वेळचा शिष्टाचार.

बागेतल्या फेऱ्यांचं गणित आणखी वेगळं आहे. समजा वाट ४०० मीटरची आहे, आणि तुम्ही एका बाजूनं, दुसरे एक गृहस्थ उलट बाजूनं, दोघंही सारख्याच वेगानं चालताय. तर दर २०० मीटरला तुम्ही समोरासमोर येणार, म्हणजे दर दोन मिनिटं चोवीस सेकंदांनी. चाळीस मिनिटं चाललात तर सोळा वेळा. सोळा वेळा राम राम कोण घालणार? पहिल्यांदा दोघंही मनापासून हसतात, तिसऱ्या फेरीला ओठ ताणतात, पाचव्या फेरीला एकाला एकाएकी जास्वंदीच्या झाडात रस वाटायला लागतो. हे तुम्ही पाहिलं असणारच. तुमच्या १९ जणांत असे चौथ्या-पाचव्या फेरीचे किती होते, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

इथली रीत अशी, की पहिल्या भेटीला पूर्ण नमस्कार. दुसऱ्यांदा समोर आलात तर भुवई किंवा मान, तीही जेमतेम. तिसऱ्यापासून काही नाही, दोघंही आपापल्या वाटेनं. आणि बागेतून निघताना दिसले तर "येतो". मधल्या फेऱ्यांत न बघणं हा अपमान नाही, सकाळी एकदा घातलेला नमस्कार दिवसभर चालू असतो. ऑफिसच्या जिन्यात हे सगळे पाळतात, बागेतच विसरतात. आणखी एक सोपा उपाय आहे, बहुतेक लोक ज्या दिशेनं फिरतात त्याच दिशेनं फिरा. मग तुम्हाला फक्त तुमच्याहून हळू किंवा भरभर चालणारेच भेटतील. मागून पुढं जाताना मात्र दोन-तीन पावलं आधीच "जरा जातो हं पुढं" म्हणा. मागून गुपचूप येऊन खांद्याशी उगवणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

आता त्या मुलीबद्दल. हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून सावकाश लिहिते.

तुमच्या मनात काही वावगं नव्हतं, यावर माझा विश्वास आहे. पण मनातलं तिला दिसत नव्हतं. तिला ऐकू आलं ते एवढंच, की एका अनोळखी पुरुषाच्या लक्षात आलंय की ही रोज येते, याच वेळेला येते, आणि आता तो विचारतोय की राहते कुठं. तुमच्या तोंडी हे प्रश्न सहज येणार. ३४ वर्षं "कुठं राहता" हाच तुमचा धंदा होता. पण निम्मी वाट सुनसान असलेल्या टेकडीवर एकट्या मुलीला कुणी तिची वेळ आणि तिचा पत्ता विचारला, तर तिनं काय करावं? तुमच्याच मुलींपैकी एकीनं घरी येऊन सांगितलं असतं, "बाबा, एक काका रोज भेटतात आणि मी कुठं राहते विचारतात," तर तुम्ही तिला काय सांगितलं असतंत? बहुतेक हेच, की उद्यापासून दुसऱ्या वाटेनं जा. तिनं तेच केलं.

"बाळ" म्हटल्यानं हे सौम्य होत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते. पस्तिशीत असताना मी एका बागेत जायची. तिथले एक काका आधी मान हलवायचे, मग "बेटा" म्हणायला लागले, मग माझ्या वेगानं चालायला लागले, मग एकदा म्हणाले, "काल का नाही आलीस? मी दोन फेऱ्या जास्त मारल्या वाट बघत." तोवर त्यांनी एकही शब्द वाईट काढला नव्हता. मी माझी वेळ सहाची सातवर नेली, आणि सात वाजता ऊन आणि घरचा डबा दोन्ही अंगावर यायचं, तरी चार महिने तीच ठेवली. ते काका कदाचित फक्त एकटे असतील. मला ते शोधून काढायची इच्छा नव्हती. बायकांनी अशा किती वेळा आणि किती वाटा बदललेल्या असतात, हे त्या घरी सांगत नाहीत. तुमच्या सुनेलाही विचारून बघा, तिच्या त्या एका वाक्यात बहुधा बरंच काही होतं.

मग आता काय करायचं? माफी मागायला जाऊ नका. मनात येईल तुमच्या, एकदा समजावून सांगावं, गैरसमज काढून टाकावा. पण त्यासाठी तुम्हाला तिला गाठावं लागेल, थांबवावं लागेल, आणि तिला नको आहे ते नेमकं तेच. ती ज्या वाटेला वळली त्या वाटेला काही दिवस तुम्ही जाऊ नका. समोर आलीच तर वाटेची कड धरा, नजर पुढं ठेवा, वेग कमी करू नका. आठ-पंधरा दिवस असं झालं की तिला कळेल की हा माणूस त्रास देणारा नाही. हे शब्दांनी पटत नाही, तुमच्या चालण्यावरूनच पटेल. कधी तिनंच मान हलवली, तर तुम्हीही हलवा आणि चालत राहा. पुढचा प्रश्न विचारू नका, त्या दिवशी तर नाहीच नाही.

प्रश्नांचंच निघालं म्हणून सांगते. नमस्कारापुढं दोन शब्द बोलावेसे वाटणं साहजिक आहे, आणि तळजाईवर बोलायला पुष्कळ आहे. फक्त प्रश्न माणसाबद्दल न विचारता वाटेबद्दल विचारा. "मोर दिसला का हो आज?" "पुढं चिखल आहे का?" "वरचं फाटक उघडलंय?" याचं उत्तर कुणीही दोन शब्दांत देऊन पुढं जाऊ शकतो, आणि त्यात कुणाचं काही उघडं पडत नाही. "कुठं राहता, काय करता, मुलं काय करतात, आज मिसेस नाहीत वाटतं बरोबर" हे सगळे प्रश्न समोरच्याकडून काहीतरी काढून घेणारे आहेत. ते विचारायची वेळ येते, पण ती त्यानं तुम्हाला काही विचारल्यानंतर. आणि "काल दिसला नाहीत" हे वाक्य ओळखीच्या पुरुषाला म्हटलं तर मायेचं असतं, अनोळखी बाईला म्हटलं तर हजेरी घेतल्यासारखं. वाक्य तेच.

ज्यांना खरंच गप्पा हव्या असतात ती माणसं चालताना सापडतच नाहीत. ती चालणं संपल्यावर सापडतात. फाटकाबाहेर दुधीचा आणि कारल्याचा रस विकणाऱ्याच्या गाडीपाशी बघा, बागेतल्या हास्यक्लबात बघा, किंवा त्या एका बाकावर, जिथं पाच-सहा टोप्या रोज निवडणुकीचा निकाल लावत बसलेल्या असतात. तिथं उभं राहणं म्हणजेच "बोला" असं सांगणं आहे. तुमच्या १२ जणांपैकी तीन-चार जण तिथं नक्की असणार. ३४ वर्षं घरोघर फिरलेल्या माणसाकडं त्या बाकाला पुरतील इतक्या गोष्टी असतील. मला तर त्या बाकाचाच हेवा वाटतोय.

एक नाजूक गोष्ट राहिली. राम राम. तुमच्या-माझ्या लहानपणी शेतावर, बाजारात, एस.टी.त कुणीही कुणालाही राम राम घालायचा, त्यात देवापेक्षा माणूसच जास्त असायचा. आजही तुम्ही तसाच घालता. पण शहरात नमस्काराचे शब्द पुष्कळ आहेत. कुणी जय भीम म्हणतं, कुणी जय जिजाऊ, कुणी हरी ओम, वारकरी माणूस राम कृष्ण हरी म्हणतो, कुणी सलाम, आणि बाकी सगळी गुड मॉर्निंगवाली. हल्ली कानावर पडलेला शब्द काहींना नमस्कार वाटतो, काहींना झेंडा. तुमचा शब्द बदला असं मी म्हणणार नाही. पण कुणी तुमच्या राम रामला "जय भीम" असं उत्तर दिलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्हीच आधी जय भीम म्हणून बघा. आमच्या बागेतले एक निवृत्त शिक्षक मला रोज जय भीम म्हणतात, मी जय भीम म्हणते. त्यांच्या बरोबरचे गृहस्थ हरी ओम म्हणतात, मी हरी ओम म्हणते. ते जोडीनं समोर आले की माझी जरा धांदल होते, एवढंच. आणि कुणाला काय म्हणावं काहीच कळत नसेल, तर "नमस्कार" कुठंही चालतो, छातीशी नेलेला हात तर त्याहून.

आता थोडं त्या वाचकांसाठी, ज्यांना सकाळी कुणाशीच बोलायचं नसतं. त्यांचीही पत्रं येतात, आणि त्यांची बाजू मला पटते, दिवसातला तो एकच तास त्यांचा स्वतःचा असतो. तुम्ही उत्तर द्या, पण पाय थांबवू नका. "नमस्कार" म्हणायचं आणि वेग होता तोच ठेवायचा, शक्य तर किंचित वाढवायचा. समोरच्याला उत्तर पायांतून कळतं. कानात काही वाजत नसलं तरी बोंडकं घालून ठेवणाऱ्या मला पुष्कळ जणी माहीत आहेत, आणि त्यात काही खोटेपणा आहे असं मला वाटत नाही. मात्र कुणी रोज पाठीमागं येत असेल, तुमच्या वेगाशी वेग जुळवत असेल, तर ते नमस्काराचं प्रकरण राहत नाही. तिथं भिडस्तपणा बाजूला ठेवून, माणसं आसपास असताना, मोठ्यानं "मला एकटीला चालायचंय" म्हणा, आणि बागेतल्या रखवालदाराला सांगून ठेवा.

पोस्टमनकाका, ज्यांच्याशी तुम्ही कधीच बोलणार नाही त्या माणसांबद्दलही दोन शब्द. स्टॅन्ली मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली अशा माणसांना नाव दिलं, 'ओळखीचे अनोळखी'. त्याच्या विद्यार्थ्यांनी रेल्वे स्टेशनवर रोज गाडीची वाट बघणाऱ्यांचे फोटो काढले आणि पुढं तेच फोटो त्या फलाटावरच्या लोकांना दाखवले. बहुतेकांना त्यात निदान एक तरी असा चेहरा सापडला जो ते रोज बघत होते, पण ज्याच्याशी कधी बोलले नव्हते. मिलग्रॅमचं म्हणणं, हेही एक नातंच आहे, दोघांनी न बोलायचं ठरवल्यासारखं. आणि अशी दोन माणसं आपल्या नेहमीच्या जागेपासून लांब भेटली, तर ती चटकन बोलायला लागतात.

हे माझ्या बाबतीत अगदी तस्सं झालं. टेकडीवर लाल मफलरवाले एक गृहस्थ मला तीनेक वर्षं दिसत होते. मान हलवणंही नव्हतं, नुसती डिप्पर. एकदा नागपूर स्टेशनवर गाडी चार तास उशिरा होती, आणि बाकावर हे! दोघंही एकदम उठलो. "अहो, तुम्ही टेकडीवरचे!" त्यांच्या बायकोनं डब्यातली पुरी-भाजी काढली, मी लाडू काढले, आणि चार तास कसे गेले कळलं नाही. मुलाचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं बोलून झालं. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी ते टेकडीवर समोर आले. आता काय करायचं, मला पोटात गोळा आला, रोज थांबून बोलावं लागणार की काय. त्यांनी दहा पावलांवरून मान लववली. मीही लववली. आणि दोघंही चालत पुढं गेलो. त्याला आता सहा वर्षं झाली, तेवढंच चालू आहे, आणि मला ते पुरतं.

जाता जाता एक कबुली. मीही तळजाईला येते, बहुतेक शनिवारी, आणि चढताना घामानं चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो काढून ओढणीला अडकवते. त्यानंतर मला समोरून येणारा माणूस आहे की बाभळीचं खोड, हे पाच फुटांवर कळतं. तुमच्या त्या १९ जणांत मी असण्याची शक्यता बरीच आहे. निळी टोपी, हातात वेताची काठी. मला मात्र दहा पावलांवरून मान हलवू नका, दिसणार नाही. खुशाल राम राम घाला, कान शाबूत आहेत.